परदेशात येऊन घरचंच जेवतोय, तरी वजन वाढतंय. नक्की कशाने?

डॅलसचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एमएससाठी डॅलसला आलो. येताना ६२ किलो होतो, आता ७१. उंची ५ फूट ८ इंच. आता तुम्ही म्हणाल बर्गर-पिझ्झा हाणत असणार, पण तसं अजिबात नाहीये. मी शाकाहारी आहे, आम्ही चार मराठी पोरं एकत्र राहतो, कुकिंगच्या पाळ्या लावल्यात आणि रोज रात्री घरी पोळी-भाजी किंवा वरण-भात होतो. दुपारचं कॅम्पसवरचं सोडलं तर बाहेर खाणं आठवड्यातून एखादवेळी. कोकसुद्धा घरात नसतो. चारपैकी तिघांचं वजन वाढलंय, चौथा मुळातच काडी आहे त्याचं सोडा. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते तब्येत छान झाली, पण पुण्याहून आणलेल्या एकाही पँटचं बटण लागत नाही. घरचं जेवून नऊ किलो कसे वाढतात हे कोणी सांगेल का? डाएट प्लॅन नकोय, कारण हवंय.

टवाळ_कार्टं
कारण सोपंय. अमेरिकेत धुलाई यंत्राबरोबर ड्रायर असतो. त्यात पँट आटते.

सातारी_मिरची
टवाळा, ड्रायरची गोष्ट अर्धी खरी आहे बरं, माझे दोन कुर्ते तसेच गेले. :)
पाहुण्या, तिकडच्या प्रत्येक वस्तूत कॉर्न सिरप असतं, तेच कारण. ब्रेड, सॉस, दही, लोणचं, सगळ्यात. ती साखर शरीराला कळतच नाही म्हणे, थेट चरबी. तिकडचा ब्रेड खाऊन बघ, केक वाटतो.

आखाती_रत्नांग्री
दुबईत असतो, मूळचा रत्नागिरीचा. आमच्याकडे कॉर्न सिरपचं कौतुक नाही तरी पोटं सुटतातच, त्यामुळे हे काही पटत नाही. आमच्या खोलीत सहा जण. ड्युटी सुटून, बसने येऊन, आंघोळीचा नंबर लागून जेवायला रात्रीचे साडेदहा होतात. मेसवाला भात लागेल तेवढा देतो, मटणाचे तुकडे मात्र मोजून, मग पोट कशाने भरायचं? भातानेच. आणि जेवलं की बंकवर आडवं, दुसरी जागाच नाही बसायला. दिवसभरात कडक चहा चार-पाच, तो डब्याच्या घट्ट दुधाचा आणि साखर आधीच टाकलेली, बिनसाखरेचा मागितला तर कॅफेटेरियावाला मल्याळी वेड्यासारखा बघतो. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, चालणार कोण. गावी असताना बंदरावर जाऊन येणं म्हणजेच व्यायाम व्हायचा. आमच्यातल्या दोघांना चाळिशीच्या आत साखर निघाली, ते सुद्धा व्हिसा रिन्यूच्या नाही, दुसऱ्याच कसल्या तपासणीत.

मेधा_व्ही
मी न्यू जर्सीत आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक देशीच. पाहुण्या, "घरचंच जेवतो" हे वाक्य मी रोज ऐकते आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. फक्त घर बदललेलं असतं.

मिरची, कॉर्न सिरपचं एवढं नाही गं. त्यात फ्रुक्टोज साधारण पंचावन्न टक्के, आपल्या उसाच्या साखरेत पन्नास. शरीराला दोन्ही सारखंच कळतं. ते स्वस्त आहे म्हणून नको तिथे घालतात, हा त्याचा खरा दोष. पण ब्रेडचं तुझं बरोबर आहे.

आखातीकाका, तुमचं उशिराचं जेवण आणि भात, त्यावर नंतर लिहिते.

पाहुण्या, कालच्या दिवसात काय काय पोटात गेलं ते लिही. "पोळी-भाजी" असं नको. पोळी कोणी लाटली, पीठ कुठलं, चहात दूध कुठलं, तेल कसल्या बाटलीतून आणि ती बाटली किती दिवस पुरते. पाकिटं असतील तर मागे उलटून वाच.

किमयागार७६
ब्रेडवरून आठवलं. आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये निकाल दिला होता की एका मोठ्या अमेरिकन सँडविच साखळीचा पाव हा करापुरता ब्रेड धरता येणार नाही, कारण त्यात साखर पिठाच्या दहा टक्के आणि कायद्यात मर्यादा दोन टक्के. कोर्टात पावाची जात ठरवली! आपल्याकडे पापडावरच्या कराचे वाद चालतात तसंच.

आखनकर
मी उलट लिहितो, शिव्या घाला. जर्मनीत आखेनला मास्टर्स केलं, दोन वर्षांत माझं वजन सहा किलो *कमी* झालं. रविवारी दुकानं बंद, सायकल किंवा पायी, लिफ्ट बंद असायची बऱ्याचदा, आणि कँटीनमध्ये शाकाहारी म्हणजे बटाटा किंवा पास्ता, एकदा घेतलं की परत वाढून मिळत नाही. पैसेही नव्हते. त्यामुळे "परदेशात गेलं की वाढतंच" हे खरं नाही, कुठल्या परदेशात ते बघा. आता नोकरी लागल्यावर म्युनिकजवळ आलो, गाडी घेतली, ऑफिसखालीच बेकरी आहे. सहा गेलेले आठ होऊन आलेत.

टवाळ_कार्टं
व्याजासकट.

डॅलसचा_पाहुणा
मेधाताई, लिहितो. काल बुधवार होता.
सकाळी आठला चहा, मोठा मग. चहात हाफ अँड हाफ घालतो, इथल्या सीनियर्सनी शिकवलं, साध्या दुधाचा चहा पाणचट लागतो. ऑरेंज ज्यूस एक ग्लास, बिनसाखरेचा, शंभर टक्के ज्यूस लिहिलेला. दुपारी कॅम्पसवर बीन्सचा बुरिटो, शाकाहारात तेवढंच पोटभर मिळतं, नाहीतर चीज पिझ्झा. संध्याकाळी परत चहा. रात्री तीन पोळ्या, फ्लॉवर-बटाटा, दही. पोळ्या म्हणजे आम्ही टॉर्टिया आणतो, आमच्यात कोणाला लाटता येत नाही. पाकीट उलटून बघितलं, एकाला २१० लिहिलंय, वजन ७० ग्रॅम. तेल व्हेजिटेबल ऑइलची गॅलनची बुधली, स्वस्त पडते. पुरते साधारण पंधरा दिवस.

मेधा_व्ही
हे बघ, सगळं इथेच आहे.

टॉर्टियापासून धरू. आईची घडीची पोळी तेल लावून सव्वाशेच्या आसपास कॅलरीची असते, फुलका त्याहून कमी. तुझी टॉर्टिया २१०, कारण ती आकाराने मोठी, मैद्याची आणि तिच्या पिठातच फॅट मळलेलं असतं, वरून तूप दिसत नाही म्हणून कोरडी वाटते. तू घरी तीन खायचास, इथेही तीनच खातोस. मोजणं आकड्याने चाललंय, म्हणून हात थांबतो तीनवर. पण ३७५ च्या जागी ६३० जातात. अडीचशेचा फरक, आणि तुला पोट जास्त भरल्यासारखंही वाटत नाही, कारण मैदा भराभर चावून होतो.

आता तेल. गॅलन म्हणजे ३.७८ लिटर. चार जण, पंधरा दिवस. माणशी दिवसाला ६३ मिली, म्हणजे चार टेबलस्पूनच्या वर. एका टेबलस्पूनला १२० कॅलरी, म्हणजे पाचशे. आईला विचार घरात चार माणसांना महिन्याला किती तेल लागतं, मला वाटतं साडेतीन-चार लिटरच सांगतील. तुम्ही बरोबर दुप्पट वापरताय. यातलं थोडं कढईला आणि थोडं डब्याच्या तळाशी राहतं हे मान्य, पण सगळं नाही. आणि हे होतं कसं ते मला माहितीये: बुधलीचं तोंड मोठं, हातात पळी नाही, ज्याची पाळी त्याला बाकीच्यांनी "मस्त झालंय" म्हणावं असं वाटतं, आणि भाजी खाली लागू नये म्हणून पातळ अॅल्युमिनियमच्या पॅनमध्ये ओतायचं.

चहाचं हाफ अँड हाफ म्हणजे अर्धं दूध अर्धी साय. एका मगात पाव कप गेलं तरी ८०. ज्यूस मोठा ग्लास दीडशेच्या पुढे, त्यात वरून साखर नसली तरी तीन संत्र्यांची साखर आहे आणि चोथा नाही. तीन संत्री सोलून खायला बसलास तर दुसऱ्यालाच कंटाळशील.

पेठेतला_डॉक्टर
मेधाताईंच्या हिशेबाला एक पुरवणी. नऊ किलो वर्षभरात म्हणजे, किलोला ७७०० धरलं तर, दिवसाला जेमतेम १९० कॅलरी जास्त. हे ढोबळ आहे, वजन वाढत जातं तसं शरीराचा खर्चही वाढतो, त्यामुळे सुरुवातीचं जास्तीचं खाणं आणि नंतरचं सारखं नसतं. तरी अंदाज येतो की रोज काहीतरी मोठं पाप करावं लागत नाही.

दुसरं, ७१ किलोला तुझा बीएमआय २३.८ येतो. अमेरिकन तक्त्यात हे "नॉर्मल". कॅम्पसच्या क्लिनिकमध्ये तुला कोणी काही बोलणारही नाही. पण भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन धरतात आणि २५ ला लठ्ठपणा. कारण आपल्याकडे त्याच वजनात चरबी जास्त, स्नायू कमी. पुण्यातल्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांचं यावर मोठं काम आहे. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. फोटोत बघून दोघंही सडपातळच दिसतात. त्यामुळे काट्यापेक्षा बेंबीच्या पातळीवर टेप लाव. पुरुषांना ९० सेंटिमीटरची रेष आहे, बायकांना ८०.

डॅलसचा_पाहुणा
लावली. ९१. :(
पण ताई, तुमचं सगळं बेरजेला धरलं तर टॉर्टियाचे अडीचशे, तेलाचे अडीचशे, चहा-ज्यूसचे दोनेकशे, हे सातशे होतात. मग माझं वजन तीस-पस्तीस किलो वाढायला हवं होतं ना? डॉक्टर म्हणतात १९०.

मेधा_व्ही
चांगला प्रश्न. रोज टॉर्टिया नसतात, भाताच्या दिवशी ते अडीचशे येत नाहीत. पुण्यात तू संध्याकाळी वडापाव, भेळ, मस्तानी असं काही खात असशील, ते इथे बंद झालं, तेही वजा कर. थोडी भूक आपोआप कमी होते, एखाद्या दिवशी जेवण टळतं. त्यामुळे कागदावरची बेरीज आणि काटा कधी जुळत नाही, मीही पेशंटला कॅलरीचा आकडा सांगून घाबरवत नाही. कुठली गोष्ट किती टक्के जबाबदार हे मला छातीठोक सांगता येणार नाही. एवढंच की जिथे फरक मोठा दिसतो तिथे आधी हात घालायचा.

रानवाटा
यात सगळे फक्त खाण्याचं बोलताहेत, चालण्याचं काय? मी पण डॅलसलाच होते सहा वर्षं. तिथे फुटपाथ मधेच संपतो आणि पुढे आठ लेनचा रस्ता. विद्यार्थी अपार्टमेंटपासून शटलने कॅम्पस, शटलमधून उतरून एसीत. पुण्यात पीएमटीचा स्टॉप गाठायला, क्लासला, टपरीवर, जिने चढून, न कळत चार-पाच किलोमीटर होतात. किलोमीटरला पन्नास कॅलरी धरा, डॉक्टरांचे १९० इथेच भरले की नाही? आखनकरांचं वजन जर्मनीत उतरलं ते बटाटा खाऊनच ना? खाणं फार वेगळं नव्हतं, पाय वेगळे होते.

आखनकर
+१. तरी पैसे नव्हते हे पण लिहिलंय मी. ते विसरू नका.

मेधा_व्ही
रानवाटा, मान्य, मी चालणं कमी लेखते अशी माझ्या घरच्यांचीही तक्रार आहे. पण चालणं बंद झालं की भूक त्या प्रमाणात कमी होत नाही, तिथे ताटातलं महत्त्वाचं ठरतं. दोन्ही एकाच विमानाने उतरतात म्हणून वेगळं काढणं कठीण.

नवी_सून_ओहायो
मला पण विचारायचं होतं. मी लग्न होऊन ओहायोला आले, डिपेंडंट व्हिसावर आहे, नोकरी करता येत नाही. माझं सात किलो वाढलं. मला थायरॉइड असेल का? नवरा म्हणतो तू घरी बसून खातेस. राग येतो पण खरं सांगायचं तर कॉस्टकोमधून आणलेलं संपवायलाच लागतं, बदामाचं पाकीट दीड किलोचं, क्रोसाँ बाराचं, दोन माणसं आम्ही. टाकवत नाही. गाडी चालवता येत नाही अजून, त्यामुळे बर्फात चार महिने घरातच.

मेधा_व्ही
थायरॉइडची रक्ततपासणी करून घे, टीएसएच, साधी असते, त्यात अंदाज नको. पण तुझ्या उत्तरातच तुझं कारण दिसतंय आणि त्यात तुझा दोष नाही. बाराचं पाकीट आणलं की नऊ त्याच दिवशी फ्रीझरमध्ये, बदाम लहान बरण्यांत. डोळ्यांसमोर असलेलं माणूस खातो. आणि नवऱ्याला हा धागा वाचायला दे.

फिट_इंडिया_कोच
मित्रांनो मी ऑनलाइन कोच आहे, फक्त ३० दिवसांत ८ किलो, कीटो पद्धतीने, भारतीय पदार्थ, डीएम करा

टवाळ_कार्टं
कोच, तुम्ही आधी धागा वाचा. त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय डाएट प्लॅन नको. आठ किलो राहू देत, शाकाहारी पोरगा कीटोत खाणार काय, बुधलीतलं तेल?

सातारी_मिरची
मी तरी म्हणणार पाकिटातल्या खाण्यात काहीतरी आहेच. मेधाताई तुम्ही कॉर्न सिरप सोडून द्या म्हणालात, सोडलं. पण माझी बहीण तिकडे गेल्यावर तिला सारखी भूक लागायची, हे कसं?

पेठेतला_डॉक्टर
मिरचीताई, यावेळी तुम्ही बरोबर आहात. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग छापला. वीस माणसांना तिथेच राहायला ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं खाणं दिलं. दोन्ही ताटांत साखर, फॅट, चोथा, प्रोटीन जुळवलेलं होतं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तयार खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती, पंधरवड्यात जवळजवळ एक किलो वाढली. नक्की का, यावर अजून वाद आहेत. भराभर खाल्लं जातं हे एक कारण असावं. टॉर्टियाही त्यातलीच.

आखाती_रत्नांग्री
मेधाताई तुम्ही आमच्यावर नंतर लिहिते म्हणाला होतात. विसरलात वाटतं. अमेरिकेतले प्रश्न आधी. :)

मेधा_व्ही
अहो विसरले नाही काका, राहून गेलं. तुमच्याकडे जेवणाची वेळ बदलणं तुमच्या हातात नाही, म्हणून तिथे मी काही सांगत नाही, सांगणं सोपं आहे. भातावर डाळ आधी वाढून घ्या, मागून भात. मेसवाल्याकडे उसळ किंवा अंडी वाढवून मागता येतात का सहा जणांनी मिळून बघा, प्रोटीनशिवाय भाताचा डोंगर लागतोच पोट भरायला. आणि पाच चहांपैकी तीन सुलेमानी करा, दुधाविना. तिथेच सगळ्यात मोठी बचत आहे. साखर निघालेल्या दोघांनी मात्र डॉक्टरकडेच जायचं, माझ्याकडून नाही.

आखाती_रत्नांग्री
सुलेमानी चालेल. लिंबू पिळून छान लागतो. अंड्यांचं विचारतो, पण मेसवाल्याचा मूड बघून.

डॅलसचा_पाहुणा
आज रूमवर मीटिंग झाली. ठराव असा की बुधली बंद, छोटी बाटली आणि टेबलस्पून. हाफ अँड हाफवर भांडण झालं, दोन विरुद्ध दोन, तो विषय लांबणीवर. टॉर्टिया बंद करून कणीक आणायची असं ठरलं पण प्रश्न असा की आमच्याकडे कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी आहे. फुलका फुगत नाही, आणि मागच्या वेळी एकाने प्रयत्न केला तर स्मोक अलार्म वाजून पूर्ण मजला खाली उतरला. शेजारचा कोरियन मुलगा अजून आमच्याकडे बघून हसतो.

रानवाटा
कॉइलवर फुलक्याच्या नादी लागूच नकोस, घडीची पोळी कर, तव्यावरच होते. फुलकाच हवा असेल तर इंडियन स्टोअरमध्ये पाय असलेली जाळी मिळते, कॉइलवर ठेवायची आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा भाजलेला फुलका तिच्यावर टाकायचा. अलार्म वाजतो तो पोळीने नाही, तव्यावर जळणाऱ्या कोरड्या पिठाने. दर दोन पोळ्यांनंतर तवा फडक्याने पूस, एक्झॉस्ट आधी लाव, खिडकी उघड. अलार्मवर पिशवी बांधू नकोस, बरेच जण बांधतात, लीजमध्ये दंड असतो.

सातारी_मिरची
आणि कणीक मळताना कोमट पाणी, मग अर्धा तास झाकून ठेव. लाटताना पीठ कमी लागतं, अलार्म आपोआप गप्प.

टवाळ_कार्टं
चौथा काडी, त्यालाच लाटायला बसवा. त्याच्याकडे वेळ आणि लाटणं दोन्ही आहे.